ओलेत्याची कॉफी

काशीत राहून विस्तवाला भिणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. त्याच्याच हाताखाली वाढले मी. माझे वडील, नाना.

ज्या गावात चिता कधी विझत नाहीत, हातावर पेटता कापूर घेऊन आरत्या करणारे पुजारी गल्लोगल्ली भेटतात, त्या गावात नाना कुणी चिलीम ओढत असला तरी दहा हात लांबून जात. आमचं घर दुर्गाघाटावर आणि नानांची शाळा गोदौलियाकडे. ते शाळेत संस्कृत शिकवायचे. घाटाघाटानं चालत गेलं तर सरळ रस्ता, पण वाटेत मणिकर्णिकेचं स्मशान. म्हणून नाना वर गल्लीत शिरून ठठेरी बाजारातून, चौकाला वळसा घालून जात. ठठेरी बाजारात भांडी घडवणाऱ्यांच्या भट्ट्या, तिथे खाली मान घालून भराभर चालायचे. चातुर्मासात चिखल असो नाहीतर ज्येष्ठात भाजणारी लू वाहत असो, वळसा चुकायचा नाही.

घरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांचा पहिला प्रश्न, "विस्तव कुठे आहे?" जोडे नंतर काढायचे. दिवा लावला की तो पाण्यानं भरलेल्या परातीत मधोमध ठेवायचा. निजायच्या आधी घरभर नाक वर करून हिंडायचे, वास घेत. मला हसू यायचं आणि रडूही यायचं.

एकदा त्यांच्या शाळेत तपासणीला गोरा इन्स्पेक्टर साहेब आला. नाना एरवी साहेब म्हटला की घाम पुसत बसणारे. हेडमास्तरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, साहेब विचारील तेवढंच बोला. साहेबानं वर्गात उभ्या उभ्या चिरूट पेटवला आणि काडी तशीच जमिनीवर टाकली. मग काय विचारता! नानांनी श्लोक अर्धा सोडला, आपला पाण्याचा लोटा उचलला, काडीवर पाणी ओतलं आणि उरलेला लोटा दोन्ही हातांनी साहेबापुढे धरून उभे राहिले. साहेबाला वाटलं, राखेसाठी आणलाय. तो त्यात राख झाडत राहिला आणि जाताना हेडमास्तरांना म्हणाला, तुमचे पंडित फार अगत्यशील आहेत. हे सगळं त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला मागाहून सांगितलं.

ही भीती जन्मजात नव्हती. मी तेरा वर्षांची असताना एका थंडीतल्या सकाळी दूध उतू जायला लागलं म्हणून आई चुलीवरून पलीकडे वाकली आणि तिच्या पदरानं पेट घेतला. नाना देवघरात होते. धावले, आणि नुसत्या तळहातांनी त्यांनी ते विझवलं. पण सुती लुगडं ते, किती वेळ थांबणार? आई दोन दिवस होती. नानांचे तळवे आणि बोटं भाजून निघाली. जखमा भरल्या तेव्हा कातडी गुळगुळीत, जाड झाली होती. त्या हातांना पुढे ऊनगार कळायचं नाही, रेशीम की तरट तेही कळायचं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात चूल पेटली नाही. वरच्या मजल्यावर गोदूकाकू राहायच्या. विधवा बाई, चार-पाच वेदपाठी मुलांना रांधून वाढायच्या, त्यातच आमची दोन ताटं यायची. जीभ तिखट, पण हात सढळ. ताट ठेवताना म्हणायच्या, "घ्या, गिळा. बापलेक दोघे संन्यासी!"

मी पंधरा ओलांडली तेव्हा त्या एक दिवस जिन्यातच बसल्या आणि नानांना म्हणाल्या, "नाना, माझा भाचा सांगलीला बोलावतोय. चैत्रात जाईन म्हणते. आता गुडघे चालत नाहीत. तुमच्या ताटांचं बघा बरं का."

"बघतो," नाना म्हणाले.

"काय बघता? पोरगी घोड्याएवढी झाली. तिला चूल पेटवू द्या."

नाना दुसऱ्या दिवशी मला जवळ बसवून म्हणाले, "वेणू, चैत्रात तुला ग्वाल्हेरला मामाकडे पाठवतो. तिथे माणसं पुष्कळ आहेत."

"आणि तुम्ही?"

"माझं काय, सत्तू खाईन. चने खाईन."

मला ग्वाल्हेरला जायचं नव्हतं. ग्वाल्हेरची मामी वाईट नव्हती, पण नाना परातीतल्या दिव्याकडे बघत एकटे बसलेत, हे चित्र डोळ्यांपुढून हलायचं नाही. आणि खरं सांगू? चूल पेटवीन असं ठणकावून म्हणायची माझीही छाती नव्हती. आई भाजली त्या सकाळी दुधाच्या भांड्याला फडकं आणायला मीच गच्चीवर गेले होते. खाली आले तेव्हा काय पाहिलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आताही सांगत नाही. काडी ओढल्याचा आवाज आला तरी माझे दात वाजायचे.

कॉफी घरात आली ती अशी. नानांच्या शाळेत गणित शिकवणारे मद्रासकडचे मास्तर होते, हनुमानघाटावर राहायचे. एका सणाला नाना त्यांच्याकडे गेले आणि चेहरा उजळून परत आले. दोन वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"वेणू, त्यांच्याकडे एक पेय करतात. काफी. आणि गंमत म्हणजे त्यात विस्तवाचं काम फार थोडं. पाणी एकदा उकळायचं, दूध एकदा. बाकी सगळं ते पितळेचं यंत्र आपलं आपण करतं, विस्तवापासून लांब बसून!"

"मग?"

"मग... तेवढं जमलं तर..." पुढचं मला कळलं. तेवढं जमलं तर चूल जमेल. चूल जमली तर ग्वाल्हेर नको.

वेदपाठी मुलांना सुट्टी प्रतिपदेला आणि अष्टमीला, पण नानांची शाळा सरकारी रिवाजाची, सुट्टी रविवारची. तेव्हा आमचा धडा रविवारी सकाळी ठरला. मास्तरांच्या बायको, त्यांना सगळे मामीच म्हणत, पहिल्या रविवारी स्वतः आल्या. काळ्यासावळ्या, नाकात दोन्हीकडे हिरे, हिंदी बोलायच्या ते आपल्या चालीत. त्यांनी पितळी फिल्टर आणला होता. एकावर एक बसणारी दोन उभी भांडी, वरच्याच्या तळाला सुईनं पाडल्यासारखी बारीक भोकं, आत बसणारी एक दांडीची चकती आणि झाकण.

मामींनी वरच्या भांड्यात कॉफीची भुकटी घातली, बोटानं सारखी केली, चकती अलगद ठेवली. "दबाना नहीं. बैठाना," त्या म्हणाल्या. पाणी खळखळ उकळलं की उतरवून जरा दम खाऊ द्यायचं, मग गोल गोल धार धरून चकतीवर ओतायचं, झाकण लावायचं आणि गप्प बसायचं. थेंब थेंब करत खालच्या भांड्यात काळा अर्क उतरतो. हनुमानघाटावर हे पाणी रात्रीच घालून ठेवतात म्हणजे पहाटे अर्क तयार. नानांनी ते ऐकून कानांवर हात ठेवले, "छे, छे, शिळं!" मामी हसल्या. "तो फिर बैठो सुबह."

हे सगळं ठीक. पण दुसऱ्या रविवारी मामी नव्हत्या आणि अंगीठी, ती कोळशाची शेगडी, आम्हालाच पेटवायची होती. नानांनी मला घरातल्या चौकात बोलावलं आणि म्हणाले, "आधी अंघोळ. अंग पुसू नकोस. लुगडं ओलंच नेस."

"ओलेत्यानं?"

"ओलेत्यानं. ओलं कापड पेटत नाही."

स्वतः पंचा भिजवून नेसले. अंगीठीच्या दोन्ही बाजूंना भरलेल्या बादल्या ठेवल्या. काडी त्यांनी ओढली. तीन काड्या हातातच विझल्या. कोळसे लाल झाले तसे ते एक पाऊल मागे सरले, मी दोन. पाणी उकळायला ठेवलं ते त्यांनी, उतरवलं मी. माझ्या पदराचं पाणी निखाऱ्यावर ठिबकून चर्रर्र झालं आणि आम्ही दोघंही किंचाळलो.

आमच्या चौकाला समोरच्या घरांच्या खिडक्या. दर रविवारी बाप आणि लेक सचैल न्हाऊन ओलेत्यानं अंगीठीशी बसलेत हे साऱ्या गल्लीनं पाहिलं. महिन्याभरात आमच्या सोवळ्याची कीर्ती ब्रह्माघाटापर्यंत गेली! एक म्हातारे वैदिक वाटेत नानांना थांबवून म्हणाले, "हल्ली इतकं कडक कुणी पाळत नाही हो. धन्य आहात." नानांनी नमस्कार केला आणि पुढे चालू लागले. भितो म्हणून ओला बसतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? सोवळं म्हटलं की मान, भीती म्हटली की हसं. त्यांनी मान घेतला.

कॉफी मात्र जमेना. नानांनी चकती दाबली की भुकटी दगडासारखी बसायची, पाणी वरच तुंबून राहायचं, तासभर वाट पाहिली तरी खाली दोन थेंब. त्यांच्या बोटांना दाब कळायचाच नाही. सैल सोडली की पाणी सपकन खाली, गढूळ गंगेसारखं. शेवटी ते काम माझ्याकडे आलं. बोटाच्या टोकानं भुकटी नुसती थोपटायची, बाळाच्या गालावर तीट लावावी तशी. मग थेंब ठरल्या लयीत पडायचे. नाना कान लावून बसायचे. भांड्याला कान, डोळे मिटलेले. "पडतोय," ते पुटपुटायचे. तेवढा वेळ ते भीत नसत. त्या थेंबांच्या वेळी मी त्यांच्याकडे पोटभर बघून घ्यायची.

पुढे मामींनी फर्मान काढलं की दळलेली भुकटी नको, दाणे घरी भाजा. कच्चे दाणे हिरवट, दगडी वासाचे. लोखंडी कढईत मंद आचेवर सारखे हलवत राहायचे, थांबलं की एका अंगानं करपतात. आधी पिवळे पडतात, ओल्या गवताचा वास येतो. मग भाजलेल्या पोळीचा. मग तपकिरी होऊन तडतडायला लागतात, आणि अंगावर तेल सुटायच्या आत उतरवून सुपात पसरायचे. नाना कढई धरायचे, उलथनं माझ्या हातात. घामाच्या आणि लुगड्याच्या पाण्याच्या धारा एकच.

एक गोष्ट मामी सांगायला विसरल्या. दाणा तडतडला की त्याचं पापुद्र्यासारखं साल सुटतं. हलकं, सुकं. त्या दिवशी वारा होता. कढईतली सालं उडाली ती थेट निखाऱ्यांवर, आणि भप्पकन ज्वाळा उठली. माझ्या कोपराएवढी उंच असेल, एका श्वासात विझलीही असती. पण नानांनी ती पाहिली मात्र, "अगं ए!" असा आवाज त्यांच्या छातीतून निघाला, माणसाचा वाटेना, आणि त्यांनी एकामागून एक दोन्ही बादल्या अंगीठीवर उपड्या केल्या. वाफ, राख, काळं पाणी, दाणे चौकभर. मला त्यांनी भिंतीशी दाबून धरलं होतं. त्यांचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं.

"संपलं," ते म्हणाले. "नको ती कॉफी. ग्वाल्हेरच बरं."

मी राख गोळा करत म्हटलं, "नाना, पुढच्या रविवारी कढईवर जाळीचं झाकण धरू. सालं उडणार नाहीत."

ते उपड्या बादल्या सरळ करत हळूच म्हणाले, "आणि बादल्या चार ठेवू."

पौष लागला. काशीची पौषातली थंडी ज्यानं सोसली त्यालाच माहीत. गंगेवरून धुकं येतं ते घरात शिरून पांघरुणात बसतं. त्या थंडीत पहाटे गार पाण्यानं अंघोळ आणि वर ओलं लुगडं. माझी बोटं निळी पडायची. पण बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर नानांनी कॉफीच बंद केली असती, आणि कॉफी बंद म्हणजे मी ग्वाल्हेरला. मी दात आवळून बसायची. अंगीठीची ऊब समोरून लागायची आणि पाठ बर्फासारखी.

आधी खोकला आला. मग छातीत कळ. मग एका शनिवारी मला ताप भरला तो इतका की नाना समोर बसलेले असून मला दिसेनात. रविवारी पहाटे वैद्यबुवा आले, पाठीला कान लावला आणि म्हणाले, "छाती धरली आहे. अळशीचं गरम पोटीस सारखं बदलत राहा. गार होऊ देऊ नका. आणि पोटात काहीतरी कढत जाऊ दे." जाता जाता नानांना बाजूला घेऊन आणखी काही बोलले. ते मला ऐकू आलं नाही, पण नाना भिंतीला टेकलेले दिसले.

गोदूकाकू तेव्हा माघस्नानाला प्रयागला गेल्या होत्या, वरचा मजला कुलपात. नाना दोन घरं पलीकडून पोटीस गरम करून आणायचे. गल्लीतून धावत यायचे तरी त्या थंडीत ते माझ्या छातीवर ठेवीपर्यंत कोमट व्हायचं. त्यांच्या हातांना ते कळायचं नाही. मीच कण्हून म्हणायची, "गार आहे, नाना." दोनदा गेले, दोनदा आले. तिसऱ्यांदा गेले नाहीत.

मी दारातून चौक दिसेल अशी पडले होते. नानांनी अंगीठी पुढ्यात ओढली. पंचा भिजवला नाही, बादल्या भरल्या नाहीत. एवढा वेळच नव्हता. कोरड्या धोतरानं बसले, सोगा कमरेला खोचला आणि काडी ओढली. ते मोठ्यानं रडत होते. लहान मूल अंधारात शिरताना रडतं तसे. रडत रडत फुंकर घालत होते, आणि कोळसे लाल होत होते.

पोटीस झालं. वाफा निघत होत्या इतकं गरम. मग त्यांना प्रश्न पडला, पोटात काय द्यायचं? पेज त्यांना येत नव्हती, काढा येत नव्हता. जन्मात एकच गोष्ट शिकले होते. त्यांनी फिल्टर काढला. भुकटी घालून तो माझ्या अंथरुणापाशी आणला, माझं बोट धरून आत लावलं. "एवढं थोपट, बाळ. मला कळत नाही." मी थोपटलं. अर्क उतरला. दुधाला पहिली उकळी आल्याबरोबर उतरवून, साखर घालून, पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात उंचावरून ओतून त्यांनी फेस काढला आणि चमच्या चमच्यानं मला पाजली. कडू झाली होती. तेवढी कढत गोष्ट मी त्यानंतर कधी प्यायले नाही.

दुपारी मामी आल्या. माझ्या कपाळाला हात लावला, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं पाहिलं, माझ्याकडून दोन शब्दांत सारं काढून घेतलं आणि नानांना म्हणाल्या, "मास्टरजी, आप आग से बचाते रहे, लड़की को पानी ने पकड़ लिया." नाना मान खाली घालून उभे होते. शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखे.

मी वाचले हे तर दिसतंच आहे. गोदूकाकू प्रयागहून आल्या, सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो नाना, धाबळी नेसवायची! लोकर आहे ती, ठिणगी पडली तरी नुसती करपते, भडकत नाही. आणि सोवळ्यालाही चालते. माझ्या ट्रंकेत दोन पडल्यात. एका शब्दानं विचारलं असतंत तर!" त्या पुढे काही बोलणार होत्या, पण नानांचा चेहरा बघून वर गेल्या आणि एक धाबळी आणून दिली.

त्यानंतर अंगीठी रोज पेटू लागली. पण नानाच पेटवायचे. मला धाबळी नेसवली तरी चौकाचा उंबरा ओलांडायची बंदी. खिचडी करपवायचे, भात कच्चा काढायचे, गल्लीतले लोक फिदीफिदी हसायचे. रविवारी कॉफी व्हायची. मी उंबऱ्याशी बसायची, नाना भुकटी घातलेलं भांडं आणून माझ्या हातात द्यायचे, मी थोपटून परत द्यायची.

मला वाटलं, ग्वाल्हेर टळलं. कसलं टळतंय! चैत्र लागला, गोदूकाकू सांगलीला गेल्या आणि मामा मला न्यायला आला.

"नाना, चूल पेटते ना आता?"

"मी पेटवतो. माझ्यापुरती," ते म्हणाले. "पण तू किती दिवस उंबऱ्यावर बसशील? मोठी होणार, कधीतरी हात घालणार. मी शाळेत असताना घालणार. वेणू, मला ते पुन्हा पाहणं होणार नाही. तिथे काय व्हायचं ते होवो, मला दिसणार नाही."

इतकं स्वार्थी आणि इतकं खरं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी बोचकं बांधलं. गाडी दुपारची होती, वार रविवार.

सकाळी मामाला कॉफी द्यायची म्हणून नाना अंगीठीशी बसले. मी उंबऱ्यावर हात पुढे करून बसले होते. पण त्या दिवशी त्यांनी भांडं माझ्याकडे आणलं नाही.

"आता एकट्याला करायचं आहे ना," ते म्हणाले आणि स्वतःच भुकटी बसवली.

व्हायचं तेच झालं. पाणी वर तुंबलं. मामा घड्याळ बघत होता. नानांनी झाकण काढलं, लावलं, भांडं ठोकलं. शेवटी सगळा चोथा काढून टाकला आणि अडलेली भोकं मोकळी करायला वरचं भांडं निखाऱ्यावर धरलं. मामींनीच शिकवलं होतं ते. भोकांत बसलेला कीस जळून जातो आणि भांडं पुन्हा नवं होतं. पण ते सांडशीत धरायचं असतं. नानांनी नुसत्या बोटांत धरलं होतं. धूर निघाला, कॉफी जळल्याचा वास आला, आणि मग दुसरा वास. तो वास मला ओळखीचा होता.

"नाना! हात!"

"काय झालं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शांतपणे. त्यांना काहीच लागत नव्हतं.

मी उंबरा कधी ओलांडला ते मला कळलं नाही. भांडं हिसकून फेकलं, त्यांचा हात माठात बुडवला. दोन बोटांना टरटरून फोड आले होते. ते फोडांकडे असे बघत होते जसे काही ते दुसऱ्याचेच.

मग मला रडू फुटलं, आणि रागही. "भीती काय तुम्हालाच वाटते? तुम्ही शाळेतून येणार, एकटे काडी ओढणार, धोतराला लागलं तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही! मी ग्वाल्हेरला रोज रात्री काय डोळे मिटून निजू? तुम्हाला दिसणार नाही म्हणून तुम्ही सुटलात. मी कशी सुटू?"

मामा उठून दारापाशी जाऊन उभा राहिला. शहाणा माणूस.

नानांचा हात माठात तसाच. मग ओला हात बाहेर काढून त्यांनी काड्यापेटी माझ्या बाजूला सारली. कोळसे विझत आले होते.

"धाबळी नेस," ते म्हणाले.

मामा दुपारच्या गाडीनं एकटा परत गेला. पुढे मी तीन वर्षं नानांजवळ राहिले, मग लग्न होऊन नागपूरला आले. नाना गेले तेव्हा मी पोचू शकले नाही, म्हणून त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून मी काय धरून बसले असेन तर ते त्याच सकाळचं.

मी अंगीठीपुढे बसले होते. धाबळी टोचत होती. काडी माझ्या हातात होती. नाना उंबऱ्याच्या आत गेले होते. जिथे इतके दिवस मी बसायची तिथे ते उभे होते, चौकटीला दोन्ही हातांनी धरून, फोडांसकट. चेहरा पांढरा. डोळे मिटतील, पाठ फिरवतील, धावत येऊन बादली ओततील असं मला वाटत होतं.

"आत जाऊन बसा नाना. झालं की बोलावते."

"नाही. मी बघतो."

मी काडी ओढली. ज्योत उठली. त्यांच्या घशातून बारीक आवाज आला, पण ते जागचे हलले नाहीत, आणि डोळेही मिटले नाहीत.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "मी आहे इथे."